साठ कोटींच्या दाव्यातून चार कोटी ऐंशी लाख का वजा झाले? रिइन्स्टेटमेंट प्रीमियमचा हिशेब, पायरी-पायरीने

"मॅडम, दावा साठ कोटींचा मान्य झालाय, तसं पत्रही आलंय. मग हिशेबात पंचावन्न कोटी वीस लाखच का दिसतात? बाकीचे कुठे गेले?"

पुनर्विमा कंपनीत ट्रीटी, म्हणजे पुनर्विम्याचे करार, यांच्या अकाउंट्सचं काम करताना हा फोन मला दर मोठ्या नुकसानीनंतर येतो. समोर बहुतेक वेळा सीडिंग कंपनीच्या, म्हणजे आपल्याकडे जोखीम सोपवणाऱ्या विमा कंपनीच्या, हिशेब विभागातलं कोणीतरी असतं. ट्रीटीची बोलणी होत होती तेव्हा ही व्यक्ती त्या खोलीत नसते. स्लिप, म्हणजे कराराच्या अटींचा कागद, मार्चमध्ये सह्या होऊन फाइलला लागलेली असते आणि ऑगस्टमध्ये डेबिट नोट हातात पडते ती त्यांच्या. वजा झालेली रक्कम म्हणजे रिइन्स्टेटमेंट प्रीमियम, नुकसानीत वापरलं गेलेलं संरक्षण पुन्हा उभं करण्याची किंमत. त्याबद्दल फोनवर जे सांगते ते एकदा नीट लिहून काढते आहे. आकडे एका कल्पित कंपनीचे आहेत. घटना मात्र खऱ्या घेतल्या आहेत, कारण २०२१-२२ या एकाच ट्रीटी वर्षात महाराष्ट्राला दोन मोठे फटके बसले. १७ मेला मुंबईजवळून गेलेलं तौक्ते चक्रीवादळ आणि २२ जुलैचा कोकणातला महापूर, ज्यात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. रिइन्स्टेटमेंटचा हिशेब एका घटनेत सोपा असतो. तो समजतो की नाही हे दुसऱ्या घटनेला कळतं.

आधी स्लिप उघडा

आपल्या या कल्पित सीडिंग कंपनीची आपत्ती संरक्षण देणारी एक्सेस ऑफ लॉस ट्रीटी अशी आहे, समजा. मुदत १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२. एका घटनेतलं पहिल्या ५० कोटींपर्यंतचं नुकसान कंपनीने स्वतः सोसायचं, हे डिडक्टिबल. त्यावरचे १०० कोटी पुनर्विमा कंपन्यांनी द्यायचे, हा लेअर. प्रीमियमचा दर ०.८ टक्के, आणि तो कंपनीच्या निव्वळ प्रीमियम उत्पन्नावर, ज्याला आपण जीएनपीआय म्हणतो. वर्षाच्या सुरुवातीला जीएनपीआयचा अंदाज १,००० कोटी होता, म्हणून डिपॉझिट प्रीमियम ८ कोटी.

आणि मग एक ओळ, जी बहुतेकजण वाचून पुढे जातात: एक रिइन्स्टेटमेंट, १०० टक्के, वेळेच्या बाबतीत पूर्ण, रकमेच्या प्रमाणात.

सगळा लेख या एका ओळीबद्दल आहे. तिच्यात चार गोष्टी आहेत. रिइन्स्टेटमेंट एक आहे, म्हणजे १०० कोटींचा लेअर एकदा पूर्ण संपला तर तो एकदाच पुन्हा भरला जाईल. वर्षभरात या लेअरमधून मिळू शकणारी जास्तीत जास्त रक्कम त्यामुळे २०० कोटी. १०० टक्के म्हणजे पुन्हा भरण्याचा दर मूळ प्रीमियमच्या दराइतकाच. वेळेच्या बाबतीत पूर्ण म्हणजे घटना एप्रिलमध्ये घडो की मार्चमध्ये, प्रीमियम तेवढाच. रकमेच्या प्रमाणात म्हणजे लेअरचा जेवढा भाग वापरला गेला तेवढ्याच भागाचा प्रीमियम.

इथेच मला एक गैरसमज काढून टाकायचा आहे. हा दंड नाही. दावा केला म्हणून कोणी शिक्षा करत नाही, आणि दाव्यातून कापलेली रक्कमही ही नाही. एप्रिलमध्ये ८ कोटी भरले ते १०० कोटींच्या संरक्षणाचे. वादळाने त्यातले ६० कोटी वापरले की त्या क्षणी हातात ४० कोटींचंच संरक्षण उरतं. रिइन्स्टेटमेंट कलम म्हणतं की ते ६० कोटी घटनेच्या क्षणापासून आपोआप पुन्हा उभे राहतील आणि त्याची किंमत सीडिंग कंपनी देईल. "आम्हाला नको, राहू दे" असं म्हणायची सोय नेहमीच्या कलमात नसते. संरक्षण आपोआप उभं राहतं, तसा प्रीमियमही आपोआप देय होतो. ही रक्कम न घेणारी ट्रीटीही लिहिता येते, पण मग एप्रिलचाच प्रीमियम ८ कोटी राहत नाही, वाढतो. पुनर्विमा कंपनी दर ठरवते तेव्हा नुकसान झालं तर हे पैसे येतील हे तिने धरलेलं असतं.

लेअरवर आलेलं नुकसान काढा, आणि इथे घाई करू नका

माझ्या टेबलावर येणाऱ्या चुकीच्या हिशेबांपैकी बरेचसे गुणाकारात नव्हे, इथे चुकलेले असतात. लेअरला लावायचा आकडा कंपनीने भरलेल्या दाव्यांचा नव्हे, अंतिम निव्वळ नुकसानीचा असतो. बाजारात त्याला यूएनएल म्हणतात.

तौक्तेचं उदाहरण घेऊ. कंपनीचे दावे १३८ कोटी. सर्वेक्षकांचं शुल्क आणि दावे निकाली काढण्याचा खर्च २ कोटी, तो बहुतेक ट्रीटींमध्ये यात मिळवला जातो. कंपनीचा स्वतःचा पगारखर्च मात्र साधारणपणे धरत नाहीत. एकूण १४० कोटी. आता यातून वजा करायचे ते या ट्रीटीच्या आधी लागू होणाऱ्या पुनर्विम्याचे पैसे: जीआयसी री कडे सोपवलेला बंधनकारक वाटा म्हणजे सेशन, ठरलेल्या टक्क्यांनी जोखीम वाटून घेणारा कोटा शेअर, एखाद्या मोठ्या कारखान्यापुरता वेगळा घेतलेला पुनर्विमा म्हणजे फॅकल्टेटिव्ह. ते सगळे मिळून ३० कोटी धरू. उरले ११० कोटी. हा आपला यूएनएल.

११० मधून डिडक्टिबलचे ५० गेले की लेअरवर ६० कोटी आले.

कोणी हे ३० कोटी वजा करायचे विसरलं तर लेअरवर ९० कोटी दिसतात, प्रीमियम ७ कोटी २० लाख निघतो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या चुकीच्या पायावर उभा राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. दाव्यांच्या यादीच्या बेरजेशी यूएनएल तंतोतंत जुळत असेल आणि तुमच्याकडे कोटा शेअर असेल, तर काहीतरी राहिलं आहे.

पुराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: घटना एक की अनेक? जुलै २०२१ च्या त्याच दिवसांत चिपळूण बुडालं, पंचगंगेने कोल्हापूर वेढलं आणि सांगलीत कृष्णा चढली. ट्रीटीत तासांचं कलम असतं. वादळाला बहुधा ७२ तास आणि पुराला १६८ तास असतात, पण तुमच्या शब्दरचनेत काय आहे तेच खरं. त्या खिडकीत बसणारं नुकसान एक घटना ठरतं, आणि खिडकी कधी उघडायची हे ठरवायचा हक्क सहसा सीडिंग कंपनीचा असतो. काही शब्दरचनांमध्ये नदीच्या खोऱ्याचीही अट असते. वाशिष्ठी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि कृष्णा-पंचगंगा पूर्वेला, त्यामुळे तशी अट असेल तर एकाच पावसाच्या दोन घटना होतात आणि ५० कोटींचं डिडक्टिबल दोनदा सोसावं लागतं. आपल्या उदाहरणात खोऱ्याची अट नाही आणि सगळं १६८ तासांत बसतं, असं धरून पुढे जाऊ.

आता गुणाकार

सूत्र एवढंच आहे:

रिइन्स्टेटमेंट प्रीमियम = लेअरचा प्रीमियम × (लेअरवरचं नुकसान ÷ लेअरची मर्यादा) × रिइन्स्टेटमेंटची टक्केवारी

तौक्तेसाठी ८ कोटी × ६०/१०० × १०० टक्के, म्हणजे ४ कोटी ८० लाख. दावा ६० कोटी, त्यातून हे वजा जाता ५५ कोटी २० लाख. फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे. वजाबाकी केवळ सोयीसाठी केलेली असते, कारण दोन्ही रकमा एकाच दिवशी देय होतात. तुमच्या वह्यांत मात्र त्या वेगळ्याच लिहा. ६० कोटी ही दाव्याची वसुली, ४ कोटी ८० लाख हा पुनर्विम्याला दिलेला प्रीमियम. निव्वळ ५५.२० वसुली म्हणून लिहिली तर दाव्यांचं प्रमाणही चुकतं आणि प्रीमियमचा आकडाही. करही प्रीमियमवर बघायचा असतो, निव्वळ रकमेवर नाही.

जुन्या ट्रीटींमध्ये वेळेचंही प्रमाण असायचं, आणि काही जुने सहकारी अजून त्या सवयीने हिशेब करतात. तसं असतं तर १७ मेपासून वर्षाचे ३१९ दिवस उरतात म्हणून ४.८० × ३१९/३६५, म्हणजे सुमारे ४ कोटी २० लाख आले असते. "फेब्रुवारीत नुकसान झालं तर दोन महिन्यांसाठी पूर्ण प्रीमियम का?" हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण तो मार्चमध्ये, स्लिपवर सही करताना विचारायचा. नुकसान झाल्यावर त्याचं उत्तर स्लिपमध्ये आधीच लिहिलेलं असतं.

दुसरी घटना: इथेच सगळे अडखळतात

२२ जुलैच्या पुराचा यूएनएल १३० कोटी आला. डिडक्टिबल ५० वजा जाता लेअरवर ८० कोटी.

पहिला प्रश्न: ८० कोटी मिळतील का? मिळतील. वादळात वापरलेले ६० कोटी पुन्हा उभे राहिले होते, त्यामुळे पुराच्या दिवशी लेअर पूर्ण १०० कोटींचा होता.

दुसरा प्रश्न: प्रीमियम किती? इथे हात आपोआप ८ × ८०/१०० करून ६ कोटी ४० लाख लिहून मोकळा होतो, आणि ते चूक आहे. पुन्हा भरायचा साठा मुळात १०० कोटींचाच होता, कारण रिइन्स्टेटमेंट एकच. त्यातले ६० वादळानंतर वापरले गेले. उरले ४०. पुराने लेअरमधले ८० कोटी रिकामे केले, पण भरायला साठ्यात ४० च आहेत. न भरलेल्या संरक्षणाचा प्रीमियम कोणी मागू शकत नाही. म्हणून ८ × ४०/१००, म्हणजे ३ कोटी २० लाख. दोन्ही घटना मिळून ४.८० आणि ३.२० असे ८ कोटी होतात, आणि एका १०० टक्के रिइन्स्टेटमेंटमध्ये याहून जास्त प्रीमियम होऊच शकत नाही. डेबिट नोटांची बेरीज लेअरच्या प्रीमियमपेक्षा वर गेलेली दिसली तर पैसे भरू नका, आम्हाला फोन करा. अशी चूक पुनर्विमा कंपनीकडूनही होते आणि ब्रोकरकडूनही होते.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: आता हातात किती संरक्षण उरलं? वर्षाचे एकूण २०० कोटी, त्यातून ६० आणि ८० गेले, राहिले ६०. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आणखी एक वादळ आलं तर ५० कोटींच्या वर फक्त ६० कोटी मिळतील. त्यावर रिइन्स्टेटमेंट प्रीमियम लागणार नाही, कारण भरायला काही उरलेलंच नाही, आणि ते ६० संपले की लेअर संपला. हिशेब विभागाला हे कळतं तेव्हा ते जोखीम व्यवस्थापनापर्यंत पोचायला हवं. मी असं पाहिलं आहे की डेबिट नोट भरून फाइल बंद झाली आणि लेअर अर्धाअधिक रिकामा झाल्याचं वर कोणालाच ठाऊक नव्हतं. पावसाळा सप्टेंबरअखेरपर्यंत असतो आणि अरबी समुद्रात वादळांचा दुसरा मोसम मान्सून माघारी गेल्यावर सुरू होतो. त्यामुळे जादा संरक्षण घ्यायचं की नाही याचा विचार ऑगस्टमध्ये व्हावा. आकाशात ढग जमल्यावर दर विचारायला गेलं की तो दर परवडत नाही.

पैसे हप्त्यांनी जातात, म्हणून डेबिट नोटा विचित्र दिसतात

वर सगळं एकदम झाल्यासारखं लिहिलं. प्रत्यक्षात दावे महिनोन्‌महिने भरले जातात आणि रिइन्स्टेटमेंट प्रीमियम त्या भरण्याबरोबर देय होतो, अंदाजावर नाही. गंमत अशी की घटनांचा क्रम आणि पैसे भरण्याचा क्रम एक नसतो. चिपळूणच्या दुकानदारांचे मालाचे दावे तुलनेने लवकर निकाली निघतात. समुद्रातल्या आणि मोठ्या कारखान्यांच्या दाव्यांना सर्वेक्षण, सुट्या भागांचे भाव, वाद, असं करत वेळ लागतो. त्यामुळे नंतरची घटना आधी भरली जाते.

डिसेंबरअखेर समजा अशी स्थिती आहे. पुरावर भरलेला यूएनएल ११५ कोटी, म्हणजे लेअरवर ६५. वादळावर भरलेला ८० कोटी, म्हणजे लेअरवर ३०. दोन्ही मिळून ९५, अजून १०० च्या आत, म्हणून दोन्हींवर पूर्ण प्रमाणात प्रीमियम लागला: पुरावर ५ कोटी २० लाख, वादळावर २ कोटी ४० लाख. एकूण ७ कोटी ६० लाख.

पुढच्या वर्षी दोन्ही नुकसानी पूर्ण भरल्या गेल्या. आता वादळ लेअरवर ६०, पूर ८०. हिशेब घटनेच्या तारखेच्या क्रमाने पुन्हा मांडला की वादळाचा वाटा ४.८० आणि पुराचा ३.२०. मग नोटा अशा निघतात:

तौक्ते: एकूण ४.८०, आधी घेतलेले २.४०, आता देय २.४० कोटी
पूर: एकूण ३.२०, आधी घेतलेले ५.२०, आता परत २.०० कोटी
निव्वळ देय: ०.४० कोटी

या टप्प्यावर पुन्हा फोन येतो: "पुराचा दावा वाढला आणि प्रीमियम परत कसा काय येतो?" उत्तर हेच की पुराकडे तात्पुरता गेलेला साठ्याचा भाग वादळाने परत मागितला, कारण वादळ आधी घडलं. म्हणून मी आमच्या विभागातल्या मुलामुलींना एकच सवय लावते. प्रत्येक वेळी सुरुवातीपासूनचा एकूण हिशेब करायचा आणि आधी घेतलेली रक्कम वजा करायची. फक्त या हप्त्याचा वेगळा गुणाकार कधीच करायचा नाही. तुम्हीही तुमच्या एक्सेलमध्ये तसंच ठेवा, म्हणजे आपले आकडे जुळतील.

१०० टक्के आणि वेळेचं प्रमाण नसलेल्या ट्रीटीत क्रम चुकला तरी बेरीज ८ कोटीच येते. वेळेचं प्रमाण असेल तर मात्र क्रमावर पैसे ठरतात. वादळ आधी धरलं तर सुमारे ६ कोटी ४१ लाख, पूर आधी धरला तर सुमारे ५ कोटी ८३ लाख. अशी ट्रीटी तुमच्याकडे असेल तर क्रम कोणता हे शब्दरचनेतून आधी पक्कं करा.

आमचा वाटाही लक्षात ठेवा. लेअर एकट्या कंपनीने घेतलेला नसतो. आमचा वाटा २५ टक्के असेल तर वादळाच्या त्या पहिल्या ३० कोटींवर आम्ही साडेसात कोटी देतो, ६० लाख प्रीमियम घेतो, आणि ६ कोटी ९० लाख पाठवतो. ब्रोकरकडून येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा १०० टक्क्यांचे आकडे असतात आणि आमच्या पत्रात आमच्या वाट्याचे. दोन कागद जुळत नाहीत असं वाटलं तर आधी हे पाहा. आणि ब्रोकरेज: रिइन्स्टेटमेंट प्रीमियमवर ते सहसा नसतं, पण स्लिपमध्ये तसं लिहिलेलं असायला हवं.

तिमाही बंद करताना

पैसे देय नाहीत म्हणजे बोजा नाही असं होत नाही. ३० जून २०२१ ला वादळाचा एकही मोठा दावा भरलेला नव्हता, पण यूएनएलचा अंदाज ९० कोटी होता, असं धरा. त्या दिवशी कंपनी पुनर्विम्याकडून येणे म्हणून ४० कोटी दाखवते. त्याच नोंदीसोबत ८ × ४०/१००, म्हणजे ३ कोटी २० लाख रिइन्स्टेटमेंट प्रीमियमची तरतूदही यायला हवी. येणं दाखवलं आणि देणं राहिलं, तर ती तिमाही फसवी चांगली दिसते आणि पुढची विनाकारण वाईट.

व्यवस्थापनाला सांगताना "आपलं नुकसान ५० कोटींवर थांबलं" असंही म्हणू नका. वादळाचा कंपनीवरचा खरा भार ५४ कोटी ८० लाख आहे. पूर धरला तर वर्षात दोन डिडक्टिबलचे १०० कोटी आणि रिइन्स्टेटमेंटचे ८. हा भार नको असेल तर रिइन्स्टेटमेंट प्रीमियमचाच विमा देणारं वेगळं संरक्षण बाजारात मिळतं, पण तेही नूतनीकरणाच्या वेळी घ्यायचं असतं.

वर्ष संपल्यावर परत एकदा

३१ मार्चनंतर खरा जीएनपीआय येतो. समजा तो १,००० ऐवजी १,१०० कोटी झाला. ०.८ टक्क्यांनी प्रीमियम ८ कोटी ८० लाख. फरकाचे ८० लाख भरायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

रिइन्स्टेटमेंट प्रीमियम मात्र डिपॉझिटवर नाही, अंतिम प्रीमियमवर ठरतो. पूर्ण एक रिइन्स्टेटमेंट वापरली गेली आहे, तेव्हा तोही ८ कोटींचा ८ कोटी ८० लाख होतो. म्हणजे आणखी ८० लाख, एकूण १ कोटी ६० लाख. पहिल्या ८० लाखांची तरतूद बजेटमध्ये असते, दुसऱ्या ८० लाखांची नसते. ज्या वर्षी लेअर वापरला गेला असेल त्या वर्षी जीएनपीआयच्या प्रत्येक वाढीचा परिणाम असा दोनदा होतो हे आधीच टिपून ठेवा. जीएनपीआय कमी आला तर उलटं होतं, पण स्लिपमधल्या किमान प्रीमियमच्या खाली जात नाही.

आणि शेवटी भंगाराचा, म्हणजे साल्व्हेजचा, किंवा तिसऱ्या पक्षाकडून झालेल्या वसुलीचा प्रश्न. दोन वर्षांनी तौक्तेच्या एका दाव्यात ६ कोटी वसूल झाले. यूएनएल ११० चा १०४ झाला, लेअरवर ६० चे ५४. वसुली नुकसानीच्या वरच्या टोकातून वजा होते, म्हणून हे ६ कोटी पूर्ण पुनर्विमा कंपन्यांचे. एकच घटना असती तर सीडिंग कंपनीला त्या प्रमाणात प्रीमियम परत मिळाला असता, ८.८० × ६/१००, म्हणजे ५२ लाख ८० हजार. आपल्या उदाहरणात तो परत मिळत नाही. वादळाने साठ्यातले ६ कोटी सोडले ते लगेच पुराने घेतले. पुराचे ८० कोटी रिकामे होते आणि भरले होते ४०, आता भरले ४६. दोन्हींची बेरीज १०० च राहिली, प्रीमियम ८ कोटी ८० लाखच राहिला. वादळाच्या नोटेवर जमा आणि पुराच्या नोटेवर तेवढीच वाढ दिसते, निव्वळ शून्य. उरलेलं संरक्षण कागदावर ६० चं ६६ कोटी होतं, पण ती मुदत ३१ मार्च २०२२ ला संपलेली असते.

अशी शून्याची नोट आली की ती फाडून टाकू नका, फाइलला लावा. लेखापरीक्षक वादळाच्या फाइलमधली ६ कोटींची वसुली बघून प्रीमियमचा परतावा कुठे आहे असं नक्की विचारतील, आणि तेव्हा हाच कागद दाखवावा लागेल.